कानाची मशीन घेताना: किंमत, चाचणी, वॉरंटी आणि दुरुस्ती आधी कशी तपासावी

कापूस विकून हाती पैसे आले की बऱ्याच घरांत म्हाताऱ्या माणसाच्या कानाच्या मशीनचा विषय निघतो. यवतमाळला जायचं की थेट नागपूरला, की मोबाइलवर दिसणारी सहा हजारांची मागवायची, यावर दोन दिवस चर्चा होते आणि शेवटी ज्याने सगळ्यात जास्त सूट सांगितली त्याच्याकडून मशीन येते. सहा महिन्यांनी ती कपाटात पडलेली असते. अशा बहुतेक मशीन बिघडलेल्या नसतात. नीट बसवलेल्या नसतात, किंवा जुळवून द्यायला जवळपास कोणी नसतं. म्हणून हा लेख मशीनच्या जातीपेक्षा खरेदीच्या क्रमाबद्दल जास्त बोलतो.

आधी कान, मग दुकान

दुकानात जाण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला कान दाखवा. मळ घट्ट बसला असेल तर तो काढल्यावरच बरंचसं ऐकू येऊ लागतं. कान वाहत असेल तर त्यावर आधी उपचार हवेत, कारण वाहत्या कानात मशीनचा साचा बसवला की पाणी आत कोंडतं आणि मशीनही जाते. एका कानाने एकदोन दिवसांत अचानक ऐकू येणं बंद झालं, किंवा सोबत चक्कर येते, तर मशीनचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरचे औषधोपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.

त्यानंतर श्रवणतपासणी. बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, प्रत्येक कानाची वेगळी होते आणि तिचा आलेख मिळतो. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि सेवाग्रामच्या रुग्णालयात कानाचा विभाग आहे. तपासणीची सोय कोणत्या वारी असते ते फोन करून विचारा, नाहीतर फेरी वाया जाते. आलेखाची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा आणि प्रत्येक दुकानात झेरॉक्स द्या. दुकानदाराने फुकट तपासणी करून आलेख स्वतःकडेच ठेवला, तर दुसरीकडे भाव विचारायची तुमची सोयच संपते.

आलेखासोबत बोलणं समजण्याची चाचणीही करून मागा. त्यात माणसाला शब्द ऐकवून परत म्हणायला लावतात. "आवाज येते, पण काय म्हणते ते समजत नाही," असं आबाजी म्हणत असतील तर ही चाचणी फार महत्त्वाची. पुरेशा मोठ्या आवाजातही निम्मे शब्द चुकत असतील, तर सर्वांत महागड्या मशीननेही बोलणं पूर्ण स्पष्ट होणार नाही. हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

तपासणारी व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट आहे का, हेही विचारा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक असतो. आठवडी बाजाराच्या दिवशी टेबल मांडून "शिबिर" घेणाऱ्याकडे तो क्रमांक नसेल, तर तो विक्रेता आहे, तपासणारा नव्हे.

फुकट मिळणारी मशीन आधी बघा

साठी ओलांडलेल्या, गरीब कुटुंबातल्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेत कानाची मशीन मिळते. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतूनही मिळते. दोन्हींत उत्पन्नाची मर्यादा आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षं पूर्ण झालेल्या पात्र व्यक्तीच्या खात्यात 3,000 रुपये एकदाच जमा होतात. तेवढ्यात चांगली मशीन येत नाही, पण साचा आणि दोन वर्षांचे सेल त्यात निघतात. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करायची. दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालय. नागपुरात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्रही आहे.

या योजनांच्या शिबिरातली मशीन बेकार असते, असा समज गावोगाव आहे. तो पूर्ण खरा नाही. ही मशीन बहुधा कानामागे बसणारी असते आणि तिच्यासोबत रबराची तयार टोपी देतात. ती कानात सैल बसते, बाहेर सुटलेला आवाज परत मशीनच्या माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टी थांबावी म्हणून आवाज कमी केला की ऐकू येत नाही, आणि मशीन पेटीत जाते. कानाचं माप घेऊन बनवलेला साचा साधारण पाचशे ते हजार रुपयांत होतो. तो बसवून आलेखाप्रमाणे मशीन जुळवून घेतली की त्याच मशीनवर पुष्कळांचं काम भागतं. खिशात हात घालण्याआधी हा हजाराचा प्रयोग करून बघावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तीन प्रकारच्या मशीन, तीन प्रकारचा खर्च

विकत घ्यायचीच ठरली तर साधारण तीन गोष्टी समोर येतात. कानामागे बसणारी, नळी आणि साचा असलेली मशीन. कानामागेच बसणारी पण बारीक तारेने छोटा स्पीकर कानाच्या आत सोडलेली मशीन, जी हल्ली जास्त खपवली जाते. आणि मोबाइलवर दिसणारी आवाज वाढवणारी डबी.

ही शेवटची सगळाच आवाज सारखा वाढवते. वयामुळे बहिरेपण आलेल्या बहुतेकांना जाड आवाज ठीक ऐकू येतात, बारीक येत नाहीत. अशा कानाला भांड्याचा खणखणाट आणि पंख्याचा घोंघाट दुप्पट होऊन मिळतो, बोलणं तेवढंच राहतं. शिवाय ती कोणाच्याही आलेखाप्रमाणे जुळवता येत नाही. बहिरेपण जास्त असेल तर तिच्यावर पैसे घालू नका.

पहिल्या दोनमध्ये निवड करताना कान बघायचा आणि अंतर बघायचं. आत स्पीकर असलेली मशीन दिसायला नाजूक. जाड आवाज चांगले ऐकू येणाऱ्याला ती सुखाची वाटते, कारण कान बंद झाल्यासारखा होत नाही. पण स्पीकर कानाच्या मळात आणि ओलाव्यात असतो. मळाची बारीक जाळी वेळेवर बदलली नाही तर स्पीकर बंद पडतो आणि त्याची किंमत हजारांत असते. नळी-साच्याच्या मशीनमध्ये सगळे महागडे भाग कानाच्या बाहेर राहतात. साचा धुता येतो, कडक झालेली नळी शंभराच्या आसपास बदलून मिळते. वाहता कान, जास्त बहिरेपण, थरथरणारे हात आणि दूरचं गाव, यातलं काहीही असेल तर नळी-साच्याचीच घ्या, दुकानदार तिला "जुनी फॅशन" म्हणाला तरी.

सेलची की चार्जिंगची? चार्जिंगची मशीन सोपी, बारीक सेल बदलत बसावं लागत नाही. तिची आतली बॅटरी चारेक वर्षांत थकते आणि ती बहुतेक वेळा कंपनीकडेच बदलावी लागते. रात्री लाइट जाण्याचा प्रकार तुमच्याकडे नेहमीचा असेल, तर साठवणीची बॅटरी असलेली चार्जिंग डबी मिळते का ते विचारा. सेलच्या मशीनला 13 नंबरचा केशरी चिकटपट्टीचा सेल किंवा 675 नंबरचा निळ्या पट्टीचा सेल चालत असेल तर उत्तम. 312 चा तपकिरी आणि 10 चा पिवळा सेल लहान, म्हाताऱ्या बोटांत धरवत नाही आणि लवकर संपतो.

भाव विचारताना कागदावर काय लिहून घ्यायचं

"छापील किंमत साठ हजार, तुम्हाला तीस," या बोलण्याला अर्थ नाही. छापील किंमत मुळातच फुगवलेली असू शकते. किमान दोन दुकानांतून लेखी भावपत्रक घ्या. त्यात कंपनी आणि मॉडेलचं पूर्ण नाव, एका कानाची की दोन्हींची किंमत, साचा धरून की वेगळा, पहिल्या वर्षी किती वेळा मशीन मोफत जुळवून देणार आणि नंतर प्रत्येक वेळी किती घेणार, एवढं असलं पाहिजे. कानाच्या मशीनवर जीएसटी लागत नाही. "बिलाशिवाय घ्या, टॅक्स वाचेल," असं कोणी म्हणत असेल तर तो तुमचा टॅक्स वाचवत नाही, वॉरंटीची जबाबदारी टाळतो आहे.

एक प्रश्न लोक विचारायचे विसरतात: ही मशीन दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे जुळवून मिळेल का? काही दुकानसाखळ्यांच्या मशीन फक्त त्यांच्याच शाखेत, त्यांच्याच सॉफ्टवेअरवर उघडतात. ती शाखा तालुक्यातून उठून गेली की पुढच्या प्रत्येक बारीक कामाला नागपूर. अशी मशीन स्वस्त असली तरी दूरच्या गावासाठी महागच पडते.

आता एक हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, तुमच्या भावपत्रकातले घालून पुन्हा करा. दारव्हा तालुक्यातलं गाव, 68 वर्षांचे आबाजी, जमवलेले 60,000 रुपये, मशीन एकाच कानाला. यवतमाळच्या दुकानात नळी-साच्याची, 13 नंबर सेलची मशीन 22,000 ला. नागपूरच्या दुकानात आत स्पीकर असलेली, चार्जिंगची 48,000 ला. दोन्ही पाच वर्षं चालतील असं धरू.

यवतमाळची मशीन: सेल दहा-अकरा दिवस चालला तर वर्षाला सहा सेलची सहा पाकिटं, 200 रुपयांप्रमाणे 1,200, म्हणजे पाच वर्षांचे 6,000. साचा दोनदा 1,600. नळ्या 1,000. वॉरंटी संपल्यावर एक दुरुस्ती 4,000. पहिल्या वर्षी चार आणि नंतर वर्षाला दोन अशा बारा फेऱ्या, दोघांचे 250 रुपये धरून 3,000. मशीनसकट एकूण 37,600.

नागपूरची मशीन: जाळ्या आणि टोप्या पाच वर्षांत 3,000, एक स्पीकर 6,000, एकदा बॅटरी बदल 5,000. फेऱ्या तेवढ्याच बारा, पण दोघांच्या जाण्यायेण्याचे आणि जेवणाचे 900 धरले तर 10,800. एकूण 72,800. एसटीत 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट आहे आणि ते यात धरलं आहे, पण सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी धरलेली नाही.

म्हणजे दुकानातला फरक 26,000 चा दिसतो, घरात तो 35,200 चा होतो. नागपूरची मशीन जमवलेल्या पैशाच्या बाहेर जाते. यवतमाळची घेतली तर 22,400 शिल्लक राहतात, आणि दुसऱ्या कानाची मशीन पुढच्या हंगामात घ्यायची मोकळीक राहते. दोन्ही कानांना मशीन असणं जास्त चांगलं, हे खरं. पण पैसा एकाच चांगल्या मशीनपुरता असेल तर तो दोन भिकार मशीनमध्ये वाटू नका. कोणता कान आधी, ते आलेख बघून ऑडिओलॉजिस्टला ठरवू द्या.

चाचणीचे दिवस: किती आणि कसे

दुकानात बसून ऐकलेल्या आवाजावर निर्णय घेऊ नका. तिथे शांतता असते आणि समोरचा माणूस तोंडाकडे बघून सावकाश बोलतो. मशीन घरी नेऊ द्या म्हणा. किमान दहा, शक्यतो पंधरा दिवस. तीन दिवसांची चाचणी निरुपयोगी, कारण पहिले काही दिवस स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतो आणि ताटवाटीचा आवाज डोक्यात जातो. हे मशीनचं खोट नाही, कित्येक वर्षं न ऐकलेले आवाज परत आले आहेत. पहिल्या दिवशी घरातच दोन तास, मग रोज थोडं वाढवत न्यायचं.

घेताना लेखी पावती करा: अनामत किती, मशीन परत केली तर किती कापणार, चाचणी कोणत्या तारखेपर्यंत. साच्याचे पैसे परत मिळत नाहीत, ते रास्त आहे, तो दुसऱ्याच्या कानात बसत नाही. "आवडली नाही तर बदलून देऊ" म्हणजे पैसे परत नव्हे. हा फरक आधीच विचारून घ्या.

घरी करायची एक साधी तपासणी आहे. आबाजींच्या मागे सहा फुटांवर उभं राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. नेहमीच्या आवाजात एकेक शब्द म्हणा आणि त्यांनी ऐकला तो परत म्हणायला सांगा: साप, काप, ताप, थाप, माप, चार, सार, फार, तार, वार. हे शब्द मुद्दाम एकसारखे आहेत. सुरुवातीचं अक्षर ऐकू आलं नाही तर अंदाजाने ओळखता येत नाहीत, आणि वयाच्या बहिरेपणात नेमकी हीच अक्षरं निसटतात. एकदा मशीनशिवाय, एकदा मशीन लावून, आणि दर वेळी क्रम बदलून, नाहीतर पाठ होतात. दहापैकी किती बरोबर ते कॅलेंडरवर लिहा. तीनवरून सातवर गेलं तर मशीन काम करते आहे. सहा आणि सात यातल्या फरकावरून दोन मशीनची तुलना करू नका, तेवढा फरक योगायोगानेही येतो. चुकलेले शब्द लिहून ठेवा. "साप"ला "माप" ऐकलं, "सार"ला "वार", असं ऑडिओलॉजिस्टला सांगितलं की त्याला कोणता आवाज वाढवायचा ते कळतं. "बरोबर ऐकू येत नाही" एवढ्यावरून त्याला काही करता येत नाही.

मग खऱ्या जागा. पारावर चारजण एकाच वेळी बोलत असताना, मोबाइल कानाला लावून, पंखा चालू असताना जेवताना, आणि ट्रॅक्टर जवळून जाताना. ट्रॅक्टरच्या आवाजाने हात कानाकडे गेला तर मोठ्या आवाजाची मर्यादा जास्त ठेवली गेली आहे, ती कमी करून घ्या. जबडा हलवताना शिट्टी येत असेल तर साचा सैल आहे. साचा नवा करून देणं दुकानदाराचं काम, तुम्ही आवाज कमी करून निभावणं नव्हे.

चाचणी संपण्याआधी एकदा तरी दुकानात जाऊन मशीन पुन्हा जुळवून घ्या. ही दुसरी जुळवणी न करताच मशीन परत करणारे लोक पुष्कळ आहेत, आणि तिच्याशिवायच पूर्ण पैसे भरणारेही.

वॉरंटी

वॉरंटी किती वर्षं, यापेक्षा कशाकशाला नाही ते वाचा. बहुतेक ठिकाणी बनावटीतल्या दोषालाच असते. घाम, पाणी, पडणं, हरवणं त्यात येत नाही. साचा, नळी, टोप्या, जाळ्या, सेल येत नाहीत. आत स्पीकर असलेल्या मशीनमध्ये स्पीकर वॉरंटीत आहे का, आणि मळाने बंद पडला तरी आहे का, हे वेगळं विचारा. भांडण तिथेच होतं.

मशीनवर बारीक अक्षरात अनुक्रमांक असतो, सेलच्या झाकणाच्या आत किंवा पाठीवर. तो बिलावर आणि वॉरंटी कार्डावर तसाच आहे का ते दुकानातच, चष्मा लावून, आकडा आकडा जुळवा. कार्डावर शिक्का आणि तारीख नसेल तर ते कोरं कार्ड आहे. तिन्हींचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

दुरुस्तीचा प्रश्न खरेदीआधी

यवतमाळ किंवा वर्ध्याच्या दुकानात मशीन उघडून दुरुस्त होत नाही. ती कुरिअरने कंपनीच्या सेंटरला जाते आणि यायला दोनतीन आठवडे सहज लागतात. म्हणून विचारायचं ते असं: मशीन इथे जमा करता येईल का? पाठवण्याचा खर्च कोणाचा? तेवढे दिवस बदली मशीन द्याल का? या मॉडेलचे सुटे भाग किती वर्षं मिळतील? दुरुस्त केलेल्या भागाला किती महिन्यांची हमी? बदली मशीन देणारा दुकानदार दोन हजार जास्त मागत असेल तरी आम्ही त्याच्याकडूनच घ्यायला सांगू.

मशीन बंद पडली की लगेच पाठवू नका. आधी नवा सेल घाला. हा सेल हवेवर चालतो. चिकटपट्टी काढल्यावर तीनचार मिनिटं उघडा ठेवून मगच आत घालायचा. पट्टी एकदा काढली की तो वापरा न वापरा, संपत जातो, आणि वैशाखातल्या कोरड्या उन्हात आणखी लवकर वाळतो. म्हणून एका वेळी दोनच पाकिटं घ्या, तारीख बघून, आणि माठाजवळच्या थंड कोपऱ्यात नव्हे तर कोरड्या सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये ओल धरते.

त्यानंतर साचा मशीनपासून वेगळा काढून मशीनच्या तोंडाशी हात धरा. शिट्टी वाजली तर मशीन जिवंत आहे, साच्यात मळ किंवा नळीत पाण्याचा थेंब अडकला आहे. साचा कोमट पाण्यात धुऊन रात्रभर पूर्ण वाळवा. शिट्टी वाजली नाही, सेल नवा आहे आणि झाकणाच्या आतल्या पत्र्याला हिरवट डाग आहे, तर घाम आत गेला आहे. तेव्हा मात्र दुकान गाठा. शेतात घाम येतोच, म्हणून रोज रात्री मशीन सेलचं झाकण उघडून, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या घट्ट डबीत ठेवायची. पावसाळ्यात दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदलायचे.

वॉरंटी असून दुकानदार टाळाटाळ करत असेल तर तारीख घालून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथेही निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावणं बंधनकारक नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तिथे तुमच्या हाती बिल, अनुक्रमांक असलेलं वॉरंटी कार्ड, भावपत्रक आणि दुकानात मशीन जमा केल्याची पावती असली पाहिजे. मशीन दुरुस्तीला देताना ही पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.